ओटीपी येईना आणि फॉर्मचं सेशन संपत आलंय, तेव्हा नेमकं काय करायचं

मागच्या महिन्यात आत्याचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी अडकलंय. "अरे, सहावं पान झालं, आता फक्त ओटीपी टाकायचाय आणि तो मेला येतच नाहीये, चार वेळा मागवला, वर लाल अक्षरात पाच मिनिटं राहिली म्हणतंय." मी म्हटलं आत्या, थांब, आता पाचव्यांदा दाबू नकोस. ती म्हणाली, "तेवढ्यात दाबलं मी."

पुढे काय झालं ते सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ओटीपी "आला नाही" असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याच वेळा तो निघालेला असतो आणि वाटेत कुठेतरी थांबलेला असतो. तो कुठे थांबलाय हे दोन मिनिटांत शोधता येतं, आणि ते न शोधता नुसतं रीसेंड दाबत बसलं की अडकलेल्या एका ओटीपीचे पाच होतात, बाकी काही होत नाही.

दोन घड्याळं चालू असतात

फॉर्म भरताना एकाच वेळी दोन वेगळी घड्याळं चालू असतात आणि लोक त्यांना एकच समजतात.

पहिलं सेशनचं. तुम्ही लॉगिन केलं की साईटचा सर्व्हर तुमची ओळख काही वेळ लक्षात ठेवतो. बहुतेक ठिकाणी हा वेळ "शेवटची हालचाल झाल्यापासून" मोजतात. पैशांचा किंवा नाजूक माहितीचा मामला असेल तर दोन ते पाच मिनिटं, साध्या ठिकाणी पंधरा ते तीस मिनिटं, असा साधारण प्रघात आहे. आता गंमत अशी की हालचाल म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलेली हालचाल. तुम्ही वीस मिनिटं बसून एका रकान्यात निबंध टाईप करत असाल तर तुमच्या दृष्टीने तुम्ही काम करताय, सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही झोपलाय, कारण पुढचं पान किंवा सेव्ह दाबल्याशिवाय त्याच्यापर्यंत काहीच जात नाही. काही साईट्स मध्ये मध्ये आपोआप सेव्ह करतात, तिथे हा प्रश्न कमी.

दुसरं घड्याळ ओटीपीचं. ते सुरू होतं सर्व्हरने आकडा तयार केला त्या क्षणी, तुमच्या फोनवर मेसेज पडला तेव्हा नाही. म्हणजे ओटीपीची मुदत पाच मिनिटं असेल आणि मेसेज चार मिनिटं वाटेत रखडला तर तुमच्या हातात एकच मिनिट उरतं, मेसेजमध्ये भले "पाच मिनिटांसाठी वैध" असं लिहिलेलं असू दे.

तुम्ही रीसेंड दाबता तेव्हा बहुतेक साईट्स नवा आकडा काढतात आणि जुना तिथल्या तिथे रद्द करतात. काही साईट्स मुदत संपेपर्यंत तोच आकडा परत पाठवतात, पण बाहेरून हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे धरून चालायचं की शेवटचा मागवलेला तेवढाच खरा, बाकीचे सगळे मेले.

रीसेंडच्या आधीचं एक मिनिट

ओटीपी पाठवला असं स्क्रीनवर आलं की रीसेंडचं बटण थोडा वेळ बंद असतं, तीस सेकंद, साठ सेकंद, कुठे दोन मिनिटं. हा वेळ लोक स्क्रीनकडे बघण्यात घालवतात. खरं तर तपासणीला सगळ्यात भारी वेळ हाच आहे.

आधी स्क्रीनवर लिहिलेला नंबर बघा. पूर्ण दिसत नाही, फुल्या असतात आणि शेवटचे दोन-चार आकडे असतात. ते तुमच्या आत्ता हातात असलेल्या नंबरचेच आहेत का? ऐकायला बावळटपणाचं वाटतं पण दोन सिम असलेल्या माणसाला, किंवा पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याच नंबरने खातं उघडलेल्या माणसाला हे हमखास होतं. शेवटचे आकडे जुळत नसतील तर पुढचं काहीच करू नका, तो ओटीपी तुमच्याकडे येणारच नाही, आधी नंबर बदलून घ्यायची वेगळी प्रक्रिया करावी लागेल.

आकडे जुळले तर घरातल्या किंवा शेजारच्या कोणालाही सांगा की मला एक साधा एसएमएस टाक. चॅटिंगच्या ॲपवरून नको, कारण तो इंटरनेटवरून येतो आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. इथे एक बारीक फसवणूक आहे, हल्लीच्या स्मार्टफोनमधलं मेसेजचं ॲपसुद्धा दोन्हीकडे इंटरनेट असेल तर मेसेज गुपचूप इंटरनेटवरूनच पाठवतं, दिसायला तो एसएमएससारखाच दिसतो. म्हणून पाठवणाऱ्याला म्हणावं की वायफाय आणि डेटा बंद करून मग पाठव.

या एका टेस्टवर पुढचं सगळं ठरतं. हा मेसेज आला, तर तुमचं सिम, नेटवर्क, फोनची मेमरी हे सगळं ठीक आहे, दोष एकतर फोनमधल्या फिल्टरमध्ये आहे नाहीतर पाठवणाऱ्याकडे. नाही आला, तर दोष तुमच्या बाजूला आहे आणि साईटला शिव्या देऊन उपयोग नाही.

आत्याला मी हेच करायला सांगितलं, म्हणजे मीच माझ्या फोनवरून तिच्या त्या नंबरवर "टेस्ट" असा मेसेज टाकला. तोवर तिच्याकडे साडेतीन मिनिटं उरली होती. मेसेज गेला नाही. म्हणजे माझ्याकडून गेला, तिच्याकडे पडला नाही.

टेस्ट मेसेज आला नाही तर

एसएमएस कसा चालतो हे दोन ओळीत सांगतो, म्हणजे पुढचे उपाय जादूटोणा वाटणार नाहीत. पाठवलेला मेसेज थेट तुमच्या फोनवर येत नाही. तो मोबाईल कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये जाऊन बसतो, सेंटर तुमचा फोन शोधतं, सापडला तर देतं, नाही सापडला तर मेसेज ठेवून घेतं आणि नेटवर्कमध्ये तुमच्या नंबरसमोर एक खूण करतं की याचं काहीतरी देणं बाकी आहे. फोन पुन्हा नेटवर्कला जोडला गेला की ती खूण बघून सेंटरला निरोप जातो आणि रखडलेले मेसेज सुटतात.

म्हणूनच विमान मोड चालू करून बंद करण्याचा उपाय खरोखर चालतो. फोन वरती सिग्नलच्या काड्या दाखवत असतो पण नेटवर्कच्या वहीत त्याचा पत्ता जुना किंवा अर्धवट असतो, असं होतं कधीकधी, विशेषतः प्रवास करून आल्यावर किंवा लिफ्ट-तळघरातून बाहेर आल्यावर. विमान मोड लावा, दहा-पंधरा सेकंद थांबा (लगेच बंद केलं तर फोन नीट सुटत नाही), मग काढा. फोन नव्याने हजेरी लावतो आणि मागचं देणं मिळतं.

पण फॉर्म त्याच फोनवर उघडा असेल तर जरा जपून. विमान मोड लावला की इंटरनेटही जातं. सेशन त्याने मरत नाही, कारण सेशनची खूण ब्राउझरमध्ये साठवलेली असते, पण त्या दहा-पंधरा सेकंदांत पानावर कुठलंही बटण दाबू नका, नाहीतर पान एररला जाईल आणि परत यायची खात्री नाही. वायफायवर असाल तर विमान मोड लावल्यावर वायफाय परत चालू करता येतं, तसं केलं तर फॉर्मचं इंटरनेट तुटल्यासारखंही होत नाही. डेटावर असाल तर इंटरनेट नवीन पत्त्यावरून सुरू होऊ शकतं आणि अतिदक्ष साईट्स पत्ता बदललेला बघून बाहेर काढतात, तेवढी जोखीम आहे.

फोन रीस्टार्ट करा असा सल्ला सगळे देतात. फॉर्म दुसरीकडे उघडा असेल तर खुशाल करा. फॉर्म त्याच फोनवर असेल तर रीस्टार्ट हा शेवटचा उपाय, कारण परत चालू झाल्यावर ब्राउझर ते पान नव्याने मागवतो आणि न पाठवलेलं सगळं जातं.

आता आत्याकडे वळतो. तिचा फॉर्म स्मार्टफोनवर होता, पण खात्याला जोडलेला नंबर होता तिच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये, जो ती फक्त कॉलसाठी वापरते. सिग्नल पूर्ण, कॉल येत होता (मी लावून बघितला, वाजला). कॉल येतो पण मेसेज येत नाही ही जोडी दिसली की माझ्या डोक्यात पहिलं येतं ते म्हणजे जागा संपली असणार. मी विचारलं, वरती कोपऱ्यात पाकिटाचं चित्र आहे का? म्हणाली, "आहे की, लुकलुकतंय, ते तर कित्येक दिवसांपासून लुकलुकतंय."

जुन्या फोनमध्ये, आणि सिमवर मेसेज साठवायचं सेटिंग असेल तर कुठल्याही फोनमध्ये, मेसेजची जागा मर्यादित असते, काही डझन मेसेजमध्ये भरते. ती भरली की फोन नेटवर्कला उलटा निरोप देतो, जागा नाही, घेऊ शकत नाही. नेटवर्क त्याचीही खूण करून ठेवतं आणि गप्प बसतं. मग तुम्ही रीसेंड चार वेळा दाबा नाहीतर चाळीस वेळा. पण तुम्ही थोडे मेसेज डिलीट केलेत की फोन आपणहून कळवतो, आता जागा झाली, आणि मेसेज सुटतात. स्मार्टफोनमध्ये हे कमी होतं, पण फोनचं स्टोरेज पूर्ण गच्च झालं असेल, म्हणजे फोटोही निघत नाहीत अशी अवस्था, तर तिथेही मेसेज अडकू शकतात.

आत्याने इनबॉक्समधून पंधरा-वीस मेसेज उडवले, आणि फोनवर मला ऐकू आलं, टिंग टिंग टिंग, एकामागून एक सगळे पडले, माझा टेस्टसुद्धा.

पाच ओटीपी एकदम पडले, आता कुठला?

इथे खरी चूक झाली. आत्याने वरचा उघडला, टाकला, चूक. खालचा टाकला, चूक. मी "थांब थांब" म्हणेपर्यंत तिसरा टाकून झाला होता आणि स्क्रीनवर आलं की जास्त वेळा चुकीचा ओटीपी टाकल्यामुळे काही वेळाने प्रयत्न करा. सेशनला तेव्हा एक मिनिट शिल्लक होतं आणि त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

रखडलेले मेसेज ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने येतील असं काही नसतं. शेवटचा मागवलेला आधी पडू शकतो आणि पहिला सर्वात शेवटी. त्यामुळे इनबॉक्समध्ये सगळ्यात वर आहे तोच नवा, हे गृहीत धरायचं नाही. ओळखायचं कसं, तर तीन खुणा आहेत. काही साईट्स स्क्रीनवर एक छोटा संदर्भ क्रमांक किंवा अक्षरं दाखवतात आणि तीच मेसेजमध्येही असतात, असेल तर सोन्याहून पिवळं, जुळणारा शोधा आणि टाका. काही मेसेजमध्ये ओटीपी मागवल्याची वेळ लिहिलेली असते. दोन्ही नसेल तर मेसेजवर बोट दाबून धरून त्याचे तपशील उघडा, बऱ्याच फोनमध्ये तिथे मेसेज पाठवल्याची वेळ आणि मिळाल्याची वेळ वेगवेगळी दिसते, पाठवल्याची वेळ बघायची. सगळ्यात उशिराची वेळ ज्याची, तो तुमचा.

आणि एवढं करूनही खात्री नसेल तर एकही टाकू नका. चुकीचे प्रयत्न मोजलेले असतात, साधारण तीन ते पाच, आणि एकदा कुलूप लागलं की ते नंबरला किंवा खात्याला लागतं, ब्राउझर बदलून, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, गुप्त विंडोतून, कशानेही सुटत नाही. त्यापेक्षा जुने सगळे ओटीपी डिलीट करा, एक नवा मागवा, आता रस्ता मोकळा आहे तेव्हा तो लगेच येईल आणि इनबॉक्समध्ये तो एकटाच असेल.

कीबोर्डच्या वर जो ओटीपी आपोआप सुचवला जातो त्यावरही आंधळा भरवसा नको. फोन नुकताच आलेला मेसेज बघून तो आकडा पुढे करतो, नुकताच आलेला म्हणजे नुकताच पाठवलेला असं नाही हे वर झालंच.

टेस्ट मेसेज आला पण ओटीपी नाही

म्हणजे सिमवर माणसाचा मेसेज येतो, यंत्राचा येत नाही. आधी फिल्टर बघा. अँड्रॉइडवर गूगलच्या मेसेजेस ॲपमध्ये `Spam & blocked` नावाचं वेगळं दालन असतं, ओटीपी तिथे जाऊन पडतो आणि त्याची घंटीही वाजत नाही. आयफोनमध्ये अनोळखी पाठवणाऱ्यांचे मेसेज वेगळ्या यादीत टाकायचं सेटिंग चालू असेल तर `Unknown Senders` मध्ये बघा. कॉल ओळखणारी किंवा ब्लॉक करणारी ॲप्स टाकलेली असतील आणि त्यातल्या एकाला तुम्ही कधीतरी "डीफॉल्ट एसएमएस ॲप" होऊ दिलं असेल, तर मेसेज त्या ॲपमध्ये येतात आणि तुम्ही दुसऱ्याच ॲपमध्ये वाट बघत बसता. जाहिरातींना वैतागून एखाद्या पाठवणाऱ्याला ब्लॉक केलं असेल आणि नेमका तोच ओटीपीही पाठवत असेल, हेही बघितलंय मी. ब्लॉक केलेल्यांची यादी उघडून एकदा नजर टाका.

फिल्टर साफ असेल तर मग नंबरच्या इतिहासाकडे बघायचं. नुकतीच मोबाईल कंपनी बदललीये का, नंबर तोच ठेवून? ओटीपी पाठवणाऱ्या मधल्या कंपन्यांकडे तुमच्या नंबरचा जुना पत्ता राहिला तर त्यांचे मेसेज जुन्या घरी जाऊन परत फिरतात, माणसांचे मात्र नीट येतात. नुकतंच सिम बदलून घेतलंय का? काही कंपन्या नव्या सिमवर सुरुवातीला काही काळ मेसेज मुद्दाम बंद ठेवतात, कोणी तुमच्या नावाने सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून, आणि तेव्हा टेस्ट मेसेजही येत नाही. परदेशात रोमिंगवर आहात का? तिथे तर हे सर्रास होतं. या तिन्ही केसेसमध्ये रीसेंड दाबून काही होणार नाही, सेशन वाचवायचं असेल तर ओटीपी दुसऱ्या वाटेने मागवावा लागेल.

दुसऱ्या वाटा म्हणजे कॉल, ईमेल किंवा ऑथेंटिकेटर ॲप. स्क्रीनवर "दुसरा पर्याय निवडा" असं काहीतरी बारीक अक्षरात असतं, शोधावं लागतं. कॉलने ओटीपी मागवताना एक लक्षात ठेवा, अनोळखी नंबर आपोआप गप्प करणारं सेटिंग चालू असेल तर तो कॉल वाजणारच नाही, आधी ते बंद करा. आणि कागद-पेन हातात घेऊन उचला, आवाज एखाद-दोनदाच आकडे बोलतो आणि ठेवून देतो. ईमेलवर मागवला तर स्पॅमचं फोल्डर बघा आणि मेल शक्यतो दुसऱ्या डिव्हाइसवर उघडा. ऑथेंटिकेटर ॲप आधीच जोडलेलं असेल तर बाकीचं काहीच नको, त्याला नेटवर्क लागत नाही, आकडा फोनमध्येच तयार होतो आणि बहुधा दर तीस सेकंदांनी बदलतो. फक्त फोनचं घड्याळ आपोआप वेळ घेण्यावर असू दे, हाताने पुढेमागे केलेलं असेल तर त्याचे आकडे चुकीचे ठरतात.

तोवर सेशन जिवंत कसं ठेवायचं

आधी काय करायचं नाही ते. पान रीफ्रेश करायचं नाही, ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबायचं नाही, आणि घाईघाईत दुसऱ्या टॅबमध्ये परत लॉगिन करायचं नाही. हे तिसरं लोक "बघू तरी" म्हणून करतात आणि बऱ्याच साईट्स एका खात्याला एकच सेशन देतात, नवं लॉगिन झालं की जुनं तिथेच खलास.

"तुमचं सेशन संपत आहे, चालू ठेवायचं का?" अशी खिडकी आली तर लगेच हो म्हणा. वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यातही म्हटलंय की वेळ संपायच्या आधी सूचना द्यावी आणि वाढवून घ्यायला किमान वीस सेकंद मिळावेत, पण सगळ्या साईट्स ते पाळतात असं नाही, आणि ती खिडकी तुम्ही मेसेजच्या ॲपमध्ये असताना आली तर तुम्हाला दिसणारही नाही.

हा मेसेजच्या ॲपमध्ये जाण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणजे फॉर्म आणि ओटीपी एकाच फोनवर असतील तेव्हा. फोनची रॅम कमी असेल तर तुम्ही ब्राउझर सोडून दुसरीकडे गेलात की फोन ते पान मेमरीतून काढून टाकतो, परत आलात की पान नव्याने लोड होतं आणि ओटीपीचा रकाना जाऊन लॉगिनचं पान समोर येतं. लोकांना वाटतं सेशन संपलं, खरं तर सेशन असतं पण पान गेलेलं असतं. यावर उपाय सोपा, ॲप उघडूच नका, वरून पडदा खाली ओढा आणि नोटिफिकेशनमध्येच आकडा वाचा. सहा आकडे पाठ होतात, नाही झाले तर हातावर लिहा. फॉर्म सुरू करायच्या आधी बाकीची ॲप्स बंद करून टाकलीत तर आणखी बरं.

सेशन वाचेल असं वाटत नसेल तर शेवटचं मिनिट आकड्याची वाट बघण्यात घालवू नका. सेव्ह ड्राफ्टचं बटण असेल तर दाबा, नसेल तर लांबलचक उत्तरं कॉपी करून नोट्समध्ये टाका आणि बाकी पानाचा स्क्रीनशॉट घ्या. अर्ज क्रमांक कुठे दिसत असेल तर तो आधी टिपा. जोडलेल्या फायली मात्र परत जोडाव्याच लागतात.

संपलंच सेशन, तर परत कसं बसायचं

पैसे भरायची पायरी झाली असेल तर परत भरायच्या आधी बँकेच्या खात्यात कपात झालीये का आणि साईटवर "माझे अर्ज" किंवा तत्सम पानावर काही दिसतंय का ते बघा. लोक घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतात आणि मग परताव्यामागे फिरत बसतात.

कुलूप लागलं असेल तर ते किती वेळाचं आहे ते मेसेजमध्ये वाचा आणि तेवढा वेळ खरंच थांबा, मध्येच हात लावला तर काही ठिकाणी मोजणी पहिल्यापासून सुरू होते. या वेळात टेस्ट एसएमएस करून रस्ता मोकळा आहे का ते बघून घ्या. अजूनही माणसाचा मेसेज येत नसेल तर तक्रार मोबाईल कंपनीकडे. माणसाचे येतात आणि कुठल्याच साईटचे ओटीपी येत नाहीत, तरी मोबाईल कंपनीकडेच, पण तसं स्पष्ट सांगा, नाहीतर तो तिकडचा माणूस एक टेस्ट मेसेज पाठवून "तुम्हाला मिळाला ना" म्हणून तक्रार बंद करतो. बाकी सगळीकडचे येतात आणि एकाच साईटचा येत नाही, तर त्या साईटची मदतवाहिनी, आणि त्यांना ओटीपी मागवल्याची नेमकी वेळ द्या, मिनिटापर्यंत, त्यावरून त्यांना मेसेज निघाला की नाही ते बघता येतं. स्वतःहून फोन करून "ओटीपीची अडचण सोडवतो, आलेला आकडा सांगा" म्हणणाऱ्याला मात्र सरळ कट करा.

एक वेगळी अवस्था असते, मेसेजही नाही, कॉलही नाही, सिग्नलच गेलाय आणि शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र सिग्नल आहे. अशा वेळी फॉर्म सोडा आणि दुसऱ्या फोनवरून आधी मोबाईल कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं नवं सिम कोणी घेतलंय का.

आत्याचं कुलूप अर्ध्या तासाचं होतं. त्या वेळात मी तिला जुन्या फोनचा इनबॉक्स रिकामा करायला लावला, ती एकेक मेसेज वाचून उडवत होती, "हा राहू दे रे, तुझ्या काकांचा आहे," म्हणून दोन ठेवले. मग दोन टेस्ट मेसेज टाकले, दोन्ही काही सेकंदांत पडले. सहाही पानांची उत्तरं तिने वहीत उतरवून घेतली होती, त्यामुळे यावेळी फॉर्म दहा मिनिटांत शेवटच्या पानावर आला. ओटीपी मागवला, एकदाच. मी फोनवर होतो, मला टिंग ऐकू आलं. "आला," ती म्हणाली, "पण शून्याने सुरू होतोय, तो शून्य टाकायचा का?"

टाकायचा. सगळे सहा.